ग्रेन, विग्नेट, ग्लिच : अॅनिमेशनवर शेवटचा हात फिरवताना चित्र गढूळ का होतं?

आधी ग्रेन टाकायचा की विग्नेट?

आधी विग्नेट, सगळ्यात शेवटी ग्रेन.

ग्रेनचा विकतचा पॅक घेतला तर काम चांगलं दिसेल का?

नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमधला नॉइज पुरेसा आहे. ‘सिनेमॅटिक’ नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक फाइल्स आधीच कॉम्प्रेस केलेल्या असतात. त्यातले चौकोनी ठोकळे ग्रेनसोबत तुमच्या चित्रावर येऊन बसतात. घ्यायचाच असेल तर नमुना मागा आणि ४०० टक्के मोठा करून बघा.

रात्रीच्या दृश्यावर ग्रेन टाकला. माझ्या स्क्रीनवर सुंदर दिसतो, पण अपलोड केल्यावर आकाश चिखलासारखं होतं. क्लिप सोबत पाठवली आहे. ग्रेन वाढवू का?

वाढवू नका! हाच प्रश्न सतत येतो आणि प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं की ग्रेनखाली सगळे दोष झाकले जातात. झाकले जात नाहीत. व्हिडिओ कॉम्प्रेशन मागच्या फ्रेममधलं जे सारखं आहे ते पुन्हा वापरून जागा वाचवतं. ग्रेन दर फ्रेमला नवा असल्यामुळे तिथे वाचवण्यासारखं काही उरत नाही. बिटरेट कमी पडला की एन्कोडर बारीक तपशील पुसतो. त्यात ग्रेन तर जातोच, शिवाय पात्राची बाह्यरेषा आणि आकाशातल्या हलक्या छटाही जातात. हाच तो चिखल.

तुम्ही पाठवलेल्या क्लिपमध्ये तीन गोष्टी दिसल्या. ग्रेनचा लेयर ‘स्क्रीन’ मोडमध्ये आहे, त्यामुळे काळा रंग उचलला जाऊन राखाडी, दुधाळ झाला आहे. पन्नास टक्के राखाडी सॉलिडवर नॉइज टाका आणि तो लेयर ‘ओव्हरले’मध्ये ठेवा. मग ठार काळा काळाच राहतो आणि ग्रेन मधल्या छटांमध्ये दिसतो. फिल्मवरही तो तिथेच जास्त जाणवतो.

दुसरं, ग्रेन रंगीत आहे. नेहमीच्या व्हिडिओत (४:२:०) रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्म्याच रिझोल्युशनने साठवली जाते. रंगीत ठिपके त्यात विरघळून डाग होतात. ग्रेन एकरंगी करा आणि ठिपका एका पिक्सेलचा न ठेवता दोनेक पिक्सेलचा, किंचित मऊ ठेवा. अगदी बारीक ठिपका सगळ्यात आधी मरतो.

तिसरं, तुमचं अॅनिमेशन ‘टूज’वर आहे, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्स आणि १२ चित्रं. ग्रेन त्याच कॉम्पमध्ये असल्याने तोही दोन-दोन फ्रेम गोठतो आणि काचेवरच्या धुळीसारखा चित्राला चिकटलेला दिसतो. तो बाहेरच्या, २४ फ्रेम्सच्या कॉम्पमध्ये आणा.

एवढं झाल्यावर ग्रेन जेमतेम जाणवेल इतका खाली उतरवा. फाइल तुम्ही स्वतः देणार असाल तर एन्कोडरला ग्रेन राखायला सांगता येतं :

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow -tune grain -crf 17 -pix_fmt yuv420p out.mp4
```

फाइल मोठी होईल. मात्र व्हिडिओ साइट तुमची फाइल पुन्हा एन्कोड करते, तिथे या सेटिंगचा उपयोग मर्यादितच. म्हणून सगळ्यात अंधाऱ्या शॉटचे दहा सेकंद खासगी अपलोड करून फोनवर बघा. हे काम डिलिव्हरीच्या आदल्या रात्री नको, पहिला शॉट तयार होताच करा. काम दुसऱ्यासाठी असेल, तर ग्रेन चालेल का आणि बिटरेट किती मिळेल, हे घेणाऱ्याला आधीच विचारा.

विग्नेटमध्ये गोल पट्टे दिसतात.

प्रोजेक्ट ८ बिटवर आहे, १६ बिटवर घ्या. काळ्याचा थर टाकण्याऐवजी कडांचं एक्सपोजर थोडं उतरवा. वर हलका ग्रेन आला की उरलेले पट्टे मोडतात. तरी दिसले तर आधी दुसऱ्या मॉनिटरवर तपासा, दोष स्क्रीनचाही असू शकतो.

ग्लिच किती वेळ ठेवावा?

तीन-चार फ्रेम्स, मग स्वच्छ चित्र. पूर्ण शॉटभर चालू ठेवला तर पात्राची पोझ वाचताच येत नाही. पोझ स्थिरावल्यावर ग्लिच द्या, आडव्या पट्ट्या सरकवा आणि चेहऱ्यावरची पट्टी शक्यतो जागेवर ठेवा. लाल-निळा रंग वेगळा सरकवताना काही पिक्सेल बस्स. पातळ रेषांवर जास्त सरकवला की काळी रेषा उरतच नाही, रंगीत धूसर कडा उरतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत आणि गडद लाल लखलखाट टाळाच. प्रकाशामुळे ज्यांना झटके येतात त्यांना यातून खरा धोका असतो. प्रसारणासाठी काम असेल तर वाहिनीच्या तांत्रिक विभागाला विचारून फाइलची लखलखाट-चाचणी करून घ्या, आणि ती चाचणी अंतिम एन्कोड केलेल्या फाइलवरच करा.