मावशींचे आभार मानायचे, पण कसे?

"सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून आठ महिने ब्युरोच्या मावशी बघतायत, फार मायेने करतात. दिवाळीला साडी दिली तर 'कशाला ताई' म्हणून बाजूला ठेवली. नवरा म्हणतो पगार देतो ना, जास्त केलंस तर डोक्यावर बसतील. आभार मानायचे तरी कसे?"

साडीचं राहू दे, आधी एक केस सांगते, ओळख बदललीय. एक मुलगा आला होता, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि तक्रार काय तर "मावशींना मी घरच्यासारखं वागवतो तरी त्या सोडून जायचं म्हणतात." मी म्हटलं, घरच्यासारखं म्हणजे नक्की कसं हो? तर हळूहळू बाहेर आलं की ड्युटी आठ ते आठ, पण निघायला रोज पावणेनऊ, कारण याची मीटिंग संपत नाही, शिवाय भांडी पण त्याच घासतात, "घरच्याच आहेत ना". आणि चहाचा कप? तो मात्र वेगळा, खिडकीत ठेवलेला. (हे मी किती घरांत ऐकलंय, सांगता सोय नाही.)

मग त्याला म्हटलं, सकाळी आठ ते दहा मावशी काय काय करतात ते लिहा. दोन ओळी आल्या. स्पंजिंग, नाश्ता. म्हटलं एक रविवार खुर्ची टाकून बसा तिथेच.

बसला. आणि बघितलं ते असं की कूस बदलायच्या आधी मावशी बाबांना सांगतात "काका, आता डावीकडे वळूया हां", मग गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली अजून एक, आणि माकडहाडापाशी लाल दिसलं तर बोटाने दाबून बघतात. दाबल्यावर लाली क्षणभर फिकी झाली तर ठीक, तशीच राहिली तर बेडसोर सुरू होतोय असं समजायचं आणि त्या बाजूवर झोपवायचं नाही. साधारण दर दोन तासांनी हे सगळं. याला पत्ताच नव्हता.

पुढच्या वेळी बहीण आलेली असताना तिच्यासमोरच तो म्हणाला, "मावशी, मागच्या महिन्यात ती लाली तुम्ही धरलीत म्हणून बाबांना जखम झाली नाही." बास, एवढंच. भांड्यांना दुसरी बाई लावली, आठच्या ठोक्याला हा स्वतः खोलीत हजर, आणि कप घरातल्या कपांमध्ये.

त्यामुळे ताई, डोक्यावर बसण्याची भीती मला तरी पटत नाही. तुमच्या मावशींनी नेमकं काय केलं ते तारखेसकट आठवा आणि चारचौघांत बोला. भेट द्यायचीच तर आधी त्यांनाच विचारा, कुणाला साडीपेक्षा गावी जायला पगारी चार दिवस हवे असतात, आणि ते द्यायचे तर बदलीची बाई आधी ठरवा, नाहीतर त्या तिकडून दिवसातून तीनदा फोन करत बसतील.

त्या मावशी काय म्हणाल्या माहितेय? "बरं झालं दादा बसलात, आता उशी कशी लावायची ते शिकून घ्या, रात्री तुम्ही वाकडी लावता."