जिजू, ताईवर माया करा! (असं म्हणू नका)

"पुढच्या महिन्यात ताईचं लग्न आहे, रिसेप्शनला मला दोन-तीन मिनिटं टोस्ट द्यायचाय. प्रेमाचे सगळे शब्द घेऊन जरा खेळायचंय, माया, भक्ती, लळा, लोभ वगैरे. एक वाक्य लिहिलंय: 'जिजू, आमच्या ताईवर माया करा, ती तुमची भक्ती करेल.' मित्र म्हणतो काहीतरी खटकतंय, पण काय ते त्याला सांगता येईना. चुकलंय का?"

मित्राचा कान चांगला आहे. व्याकरणात काही चूक नाही, पण माया मराठीत वरून खाली वाहते. आजी नातवावर माया करते, मोठी बहीण धाकट्यावर करते, मालक गुराढोरांवर करतो. म्हणजे तुमच्या वाक्यात जिजू एकदम ताईचे काका झाले! आणि पुढच्याच अर्ध्या वाक्यात ती त्यांची भक्ती करणार म्हणजे ते थेट देव्हाऱ्यात जाऊन बसले. ताईला ओळखत नाही मी, पण ती स्टेजवरूनच तुमच्याकडे कसं बघेल याचा अंदाज आहे.

आता गंमत अशी की हेच दोन शब्द टाकून द्यायची गरज नाही, फक्त त्यांचा दुसरा अर्थ बाहेर काढायचा.

माया घ्या. घरात कोणी शिवणकाम करणारं असेल तर विचारा, ब्लाऊज शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला टेलर लोक मायाच म्हणतात. "बाजूला माया ठेवा हां जरा" हे वाक्य माझ्या आईने प्रत्येक टेलरला सांगितलेलं आहे. बाहेरून ती दिसत नाही, पण दोन वर्षांनी अंग भरलं की शिवण उसवून तेवढं सैल करता येतं, आणि माया नसेल तर ब्लाऊज गेला बोहारणीकडे. संसाराला याच्याहून चपखल शब्द मला तरी सापडलेला नाही. आणि इथे ती वरून खाली वाहत नाही, दोन्ही बाजूंना सारखी सोडावी लागते, त्यामुळे काका होण्याचा प्रॉब्लेमच मिटला.

एक धोका मात्र आहे आणि तो मी स्वतः भोगलाय. मायाचा तिसरा अर्थ पैसा, तोही जरा बिनहिशोबी. मावसबहिणीच्या रिसेप्शनला मी माइक हातात घेऊन मोठ्या प्रेमाने म्हणालो की आमच्या जावईबापूंनी इतक्या कमी वेळात भरपूर माया जमवलीय. म्हणायचं होतं की सगळ्यांना जीव लावलाय. जावई सरकारी नोकरीत. मागच्या टेबलावर त्यांच्या ऑफिसची मंडळी बसलेली, ती जी हसायला लागली ती थांबेचनात आणि जावईबापू कानापर्यंत लाल. तर नियम सोपा आहे, माया करतात, लावतात किंवा ठेवतात ते चालतं, पण जमवली म्हटलं की गेलात.

भक्तीची गोष्ट याहून भारी. तिचा धातू भज्, आणि त्याचा जुना अर्थ पूजा नाही, वाटणं, वाटा घेणं. भाग, विभाग, विभक्त हे सगळे त्याच घरचे. संस्कृतात भक्त म्हणजे वाट्याला आलेलं, त्यावरून शिजवलेलं अन्न, त्याचं प्राकृतात भत्त झालं आणि आपल्याकडे आला भात! म्हणजे पंगतीतला भात आणि देवळातला भक्त सख्खे भाऊ आहेत, हे मी कुणालाही ऐकवलं की आधी थाप वाटते, पण खरं आहे. टोस्टसाठी याचा उपयोग असा की भक्तीला देव्हाऱ्यातून उतरवून ताटावर आणता येतं, कोणी कोणाची पूजा करत नाही, दोघं वाटून खातात. वर विभक्त हा शब्द फुकटात मिळतो.

लोभ हा माझा सर्वात आवडता. षड्रिपूंच्या यादीत काम, क्रोध, मग लगेच लोभ, तिसरा नंबर. पण त्याच लोभाला आपण पत्राच्या शेवटी हात जोडून बोलावतो, "लोभ असावा ही विनंती". बाकीच्या पाच रिपूंपैकी एकालाही हा मान नाही, "कळावे, मत्सर असावा" कोणी लिहिल्याचं ऐकलंय का? प्रेक्षकांत पन्नाशीच्या पुढची मंडळी असतील तर हा जोक हमखास चालतो कारण त्यांनी आयुष्यभर ते वाक्य लिहिलंय. विशीतल्यांना आधी एक ओळ सांगावी लागेल, नाहीतर नुसते बघत बसतील.

लळा मात्र नवराबायकोंच्या मध्ये आणू नका. लळा मूल, वासरू, मांजर यांचा, नाहीतर त्यांना आपला. "जिजूंना ताईचा लळा लागला" म्हटलं की ताई टोपलीतून आणल्यासारखी वाटते. पण तुम्ही धाकटे आहात ना, मग स्वतःवर घ्या, "आम्हाला जिजूंचा लळा लागलाय" एकदम बरोबर बसतं. शिवाय यात एक बारीक मजा आहे, प्रेम आपण करतो पण लळा आपल्याला लागतो, जसा ठसका लागतो, भूक लागते, म्हणजे आपला काही इलाज नसतो.

हे सगळं एकत्र करून साधारण असं होईल, नावं-तपशील तुमचे घाला:

"जिजू, तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मी ठरवलं होतं की लगेच भाव द्यायचा नाही. पण लळा लागला, त्याला मी काय करणार. तर आता लहान तोंडी मोठा घास घेतो. आमची आई टेलरला सांगते, बाजूला माया ठेवा. तुम्ही दोघंही ठेवा, दोन्ही बाजूंना, पुढेमागे काही घट्ट झालं तर सैल करता येईल. भक्ती करा, पण एकमेकांची नको, भक्ती म्हणजे मुळात वाटून घेणं, भात त्यातूनच आलाय, तेव्हा भात वाटून खा, कुकर कोणी लावायचा तेही वाटून घ्या आणि विभक्त फक्त व्याकरणात राहू दे. आणि आम्हा सगळ्यांवर, रिपू असला तरी, लोभ असावा ही विनंती!"

एक दुरुस्ती मीच करतो, विभक्त आणि व्याकरणातली विभक्ती हे एकच शब्द नाहीत, धातू तोच पण रूप वेगळं. बोलताना खपून जातं, पण समोर मराठीचे मास्तर बसले असतील तर "विभक्ती फक्त व्याकरणात राहू दे" म्हणा, तेही चालतं आणि खरं तर जास्त शुद्ध आहे. मी पहिलं ठेवलं कारण विभक्त म्हटलं की लोकांना विभक्त कुटुंब पटकन आठवतं.

आणि "माया ठेवा"च्या आधी टेलर हा शब्द मोठ्याने, स्पष्ट म्हणा. तो माइकच्या खरखरीत बुडाला तर पुढचं सगळं पुन्हा पैशांवर जातं, आणि तुमचे जिजू कुठे नोकरीला आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही.