वडिलांचे २४ लाख: एकदम की हप्त्याने?

वडिलांच्या पश्चात आलेले २४ लाख बचत खात्यात पडून आहेत म्हणता. ते एकरकमी गुंतवायचे की हप्त्याने, हा प्रश्न दुसरा. आधी शेअर बाजारात किती ठेवायचे ते ठरवा. समजा १२ लाख ठरले. बाजार दीर्घकाळात वर जात आला आहे, त्यामुळे थांबून राहिलेला पैसा बहुतेक वेळा मागे पडतो. हिशोबाने पाहिलं तर एकरकमीच सरस.

पण जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर आला. तुमचे १२ लाख दोन महिन्यांत साडेसात लाखांच्या आसपास दिसले असते. वडिलांच्या पैशाचं असं झालेलं पाहून अनेक जण तिथेच विकून मोकळे होतात, आणि खरं नुकसान तेव्हा होतं.

झोप उडेल असं वाटत असेल तर १२ लाख लिक्विड फंडात, म्हणजे अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात टाका आणि त्याच फंड कंपनीच्या, निफ्टीसारख्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात दरमहा १ लाखाची एसटीपी लावा, म्हणजे ठरलेली रक्कम दर महिन्याला एका फंडातून दुसऱ्यात आपोआप जाते. वर्षभर पुरे. तीन वर्षं ताणलीत तर बरेच पैसे नुसते बसून राहतील. प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडातली विक्री असते, त्यावरच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. इंडेक्स फंडातही करासाठी प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं, पहिल्या हप्त्याच्या तारखेवर जाऊ नका.

बाजार पडला की एसटीपी बंद करायचा मोह होईल. तेव्हाच ती चालू ठेवायची, नाहीतर हप्ते पाडण्याला काही अर्थच राहत नाही.