डब्यांच्या फोटोवरून भात-रस्सा किती दिवस चालेल?

कुणी डब्यांचा फोटो पाठवून हे विचारलं, तर फोटोवरून आधी भाताचा थर किती जाड आहे ते बघा. डबा काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट आणि आतून पाण्याचे थेंब दिसत असतील, तर भात बहुधा गरम असतानाच झाकला गेला. असा ढीग फ्रिजमध्येही मधोमध कित्येक तास कोमट राहतो. शिजवूनही टिकलेले बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू तिथेच रुजतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. वास-चव मात्र ठीक लागते, म्हणून हुंगून ठरवू नका.

पण मुख्य गोष्ट फोटोत दिसतच नाही: शिजल्यावर भात बाहेर किती वेळ होता? ते विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. दोन तासांहून जास्त असेल, तर टाकायलाच सांगा. तासाभरात पसरट डब्यात, दोन बोटं जाड थरात, ५ अंशांखालच्या फ्रिजमध्ये गेलेला भात दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो, रस्सा दोन दिवस. एकाच डब्यात कालवलेले असतील तर भाताचीच मुदत धरा. खाताना वाफ निघेपर्यंत गरम करा, एकदाच.