बॅचचा नफा काढताना आधी हे बघ

अगं, शिकवणीच्या बॅचची १८ मुलं गुणिले महिना ७०० फी गुणिले १० महिने म्हणजे १,२६,००० हा आकडा नफा तर नाहीच, पण जमाही नाही, वहीत आधी हातात आलेले पैसेच लिही. माझ्या चिपळूणच्या दहावीच्या बॅचमध्ये दोन मुलं प्रत्येकी ३ महिन्यांची फी थकवून गेली आणि एकाचे २ महिने राहिले, म्हणजे ५,६०० बुडाले आणि जमा झाले १,२०,४००.

आता यातून खर्च वजा कर:

- हॉलचं भाडं २४,०००
- नोट्स, झेरॉक्स, टेस्ट पेपर ४,५००
- बॅनर आणि पॅम्प्लेट ३,०००

उरले ८८,९००.

सगळ्यात जास्त चुका भाड्यात होतात. फी १० महिने येते पण हॉल मे महिन्यात रिकामा असला तरी मालक १२ महिन्यांचं भाडं घेतो, माझं महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,०००. त्याच हॉलमध्ये नववीची बॅच पण होती, दहावी आठवड्याला ६ तास आणि नववी ३, म्हणून दहावीवर दोन तृतीयांश म्हणजे वरचे २४,००० टाकले. अर्धं-अर्धं केलं असतं तर नववी उगाच तोट्यात दिसली असती.

दुसरी चूक म्हणजे बुडालेली फी दोनदा वजा करणं. जमा कमी धरलीस ना, मग ती परत खर्चात लिहू नको. गणपतीच्या सुट्टीआधी थकबाकीची यादी काढ, सुट्टीनंतर काही मुलं परत येतच नाहीत.