जपानचा राइस कुकर मागवण्याआधी विक्रेत्याला काय विचारायचं?

प्रश्न: जपानमधल्या विक्रेत्याकडून राइस कुकर मागवायचाय, पुण्यात वापरायला. जाहिरातीत व्होल्टेजचा उल्लेख नाही. मित्र म्हणतो, अडॅप्टर लावला की चालेल. ईमेलमध्ये नेमकं काय विचारू?

उत्तर: "भारतात चालेल का?" एवढंच मात्र विचारू नका. त्यावर "हो, अडॅप्टर लावा" असंच उत्तर येतं, आणि विक्रेत्याच्या मनात तेव्हा फक्त पिनांचा आकार असतो. अडॅप्टर पिना बदलतो, व्होल्टेज नाही.

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३०. साध्या कॉइलच्या कुकरचा हिशेब करून बघा. १०० व्होल्टवर ७०० वॅटचा कुकर ७ अँपिअर घेतो. तोच थेट आपल्या सॉकेटला लावला तर व्होल्टेज २.३ पट होतं, करंटही तेवढाच वाढून १६ अँपिअरवर जातो, आणि उष्णता सव्वापाच पट, म्हणजे जवळजवळ ३७०० वॅट! आतला थर्मल फ्यूज उडाला तर नशीब समजा. इंडक्शनवाल्या, म्हणजे आयएच कुकरमध्ये तर इलेक्ट्रॉनिक सर्किटच आधी जातं.

म्हणून विक्रेत्याचं मत न मागता पुरावा मागा. प्रत्येक कुकरच्या तळाला किंवा मागे रेटिंग प्लेट असते, तिचा फोटो हवा. ईमेल इंग्रजीत पाठवाल तेव्हाही वाक्यं अशीच तुटक ठेवा, कारण समोरचा बहुधा भाषांतर करून वाचणार:

> विषय: खरेदीपूर्व चौकशी – राइस कुकर, मॉडेल क्रमांक (शेवटच्या अक्षरांसकट पूर्ण)
>
> नमस्कार,
> मला हा कुकर भारतात वापरायचा आहे. इथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे.
> १. कृपया रेटिंग प्लेटचा स्पष्ट फोटो पाठवा. व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट वाचता आले पाहिजेत.
> २. हे मॉडेल जपानमधल्या वापरासाठी आहे की परदेशासाठी?
> ३. प्लगचा फोटो पाठवा. वायर दोन तारांची आहे की अर्थिंगसह तीन?
> ४. हेच मॉडेल २२० ते २४० व्होल्टमध्ये मिळतं का? असल्यास त्याचा क्रमांक आणि किंमत कळवा.
> ५. आलेली वस्तू फोटोतल्या प्लेटशी जुळली नाही तर परत घ्याल का? पाठवणीचा खर्च कोणाचा?
> तुमचं उत्तर आल्यावरच मी ऑर्डर देईन.

ईमेल शक्यतो त्या साइटच्या संदेशपेटीतूनच पाठवा, म्हणजे पुढे वाद झाला तर उत्तर तिथेच नोंदलेलं सापडतं.

आता फोटो आला की बहुतेक जण जिथे फसतात ती जागा. प्लेटवर "५०/६० हर्ट्झ" दिसतं आणि वाटतं, जगभर चालणारा दिसतोय. तसं नसतं. जपानच्या पूर्व भागात, म्हणजे टोकियोकडे, ५० हर्ट्झ आहे आणि पश्चिमेला ओसाकाकडे ६०. त्यामुळे निव्वळ जपानसाठी बनवलेल्या वस्तूवरही दोन्ही आकडे असतात. तुमची नजर व्होल्टवर हवी. नुसतं १०० असेल तर तो जपानी घरासाठीचा. २२०, २३० किंवा २२०–२४० असेल तर आपल्याकडे चालेल. मोबाइल चार्जरवर असतं तसं १००–२४० हीटरच्या वस्तूवर क्वचितच दिसतं. तसा दावा झाला तर फोटोशिवाय विश्वास ठेवू नका.

प्लेटवर १०० निघालं तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हा मार्ग उरतो, पण मी तरी तो सुचवणार नाही. ७०० वॅटच्या कुकरला निदान १००० वॅटचा, सतत चालवता येईल असा हवा, म्हणजे ओट्यावर अनेक किलोंचा डबा आला. शिवाय आपल्या बाजारात सहज मिळणारे ट्रान्सफॉर्मर अमेरिकी वस्तूंसाठीचे, ११० व्होल्टचे असतात. १०० च्या कुकरला ११० दिले की उष्णता २१ टक्के वाढते. भात करपतो आणि कुकरचं आयुष्यही कमी होतं. प्रवासातले हलके, स्वस्त कन्व्हर्टर तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या कुकरला अजिबात लावू नका. थोडे पैसे जास्त गेले तरी चौथ्या प्रश्नातलं परदेशी मॉडेलच घ्या.

प्लगचं काम त्यामानाने सोपं. परदेशी मॉडेलला बऱ्याचदा युरोपचा दोन गोल पिनांचा प्लग असतो. तो अडॅप्टरमध्ये बसला तरी अर्थिंग जोडलं जाईलच असं नाही. वायर तीन तारांची असेल तर इलेक्ट्रिशियनकडून आयएसआय खुणेचा तीन पिनी प्लग बसवून घ्या; हिरवी-पिवळी तार वरच्या जाड पिनेला. ७०० वॅटला ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, हजाराच्या वर असेल तर १६ वापरा. एक मात्र आधी विचारून घ्या: प्लग कापला तर वॉरंटी राहते का? जपानी कंपन्यांची वॉरंटी तशीही बहुधा जपानपुरतीच असते.