इस्पितळाच्या धावपळीत कार्डाचं बिल राहिलं

‘ह्यांना अचानक फोंड्याच्या इस्पितळात दाखल करावं लागलं. त्या गडबडीत क्रेडिट कार्डाचं बिल भरायचं राहून गेलं आणि बँकेनं लेट फी लावली. पत्र लिहिलं तर माफ होईल का? त्यात काय लिहू?’

बाई येताना पत्राचा कच्चा मसुदा घेऊनच आल्या होत्या. दोन पानं भरून आजाराची हकीकत, आणि शेवटी ‘तुम्ही अन्यायाने पैसे कापलेत’. मी आधी तारखा विचारल्या. बिलाची शेवटची तारीख १२, यजमान इस्पितळात ८ ते १७, आणि बाईंनी १८ तारखेला सगळे पैसे भरले.

तारखा आधी पाहण्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तरच लेट फी लावता येते. बाईंनी १४ तारखेला पैसे भरले असते, तर फी लावणं ही बँकेची चूक ठरली असती आणि आम्ही सरळ तक्रार लिहिली असती. इथं उशीर सहा दिवसांचा होता. फी नियमात बसत होती, म्हणजे मागायची ती सवलत. अशा पत्रात ‘अन्याय’ लिहिलं की ते तक्रार म्हणून तपासलं जातं आणि ‘आकारणी नियमानुसार’ असं एका ओळीचं उत्तर येतं.

मग नवं पत्र झालं ते एवढंच:

‘माझ्या कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. पती ८ ते १७ तारखेपर्यंत इस्पितळात दाखल असल्याने १२ तारखेचे बिल वेळेवर भरता आले नाही. १८ तारखेला पूर्ण रक्कम भरली आहे. याआधी माझे बिल कधी थकलेले नाही. लेट फीचे ७५० रुपये व त्यावरील १३५ रुपये जीएसटी परत जमा करावेत, ही विनंती. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे.’

जीएसटी मुद्दाम वेगळा लिहिला. नाहीतर नुसती फी परत येते आणि कर तसाच राहतो. डिस्चार्ज कार्डावरचं रोगाचं नाव आणि उपचार झाकून प्रत काढली. बँकेला फक्त नाव आणि तारखा पुरतात, आजार काय होता हे तिला कळायचं कारण नाही. पूर्ण कार्ड नंबर किंवा ओटीपी तर पत्रात कधीच घालू नये.

बाईंनी विचारलं, ‘उत्तर येईपर्यंत ही फी भरू नको ना?’ मी म्हटलं, भरा. फी पुढच्या बिलात आली आणि तेवढीच मागे ठेवली, तर पुन्हा थकबाकी दिसते आणि उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं. माफी मिळाली तर ८८५ रुपये खात्यात जमा होतातच.

तसे झालेही. व्याज मात्र बँकेनं सोडलं नाही. ते खरेदीच्या तारखेपासून लागलेलं होतं आणि आम्ही ते मागितलंही नव्हतं. दोन्ही एकदम मागितलं की बरेचदा दोन्हीला नकार येतो, असा माझा अनुभव.